टायटल रिपोर्ट म्हणजे मालकीची हमी नव्हे

महोदय,

वकिलाचा टायटल रिपोर्ट हाती आला की मालकीची हमीच मिळाली, असे जमीन किंवा घर घेणारे अनेक जण धरून चालतात. तो अहवाल नेमका कशावर उभा असतो, हे त्यांना कळावे म्हणून हे पत्र.

साधारणपणे वकील गेल्या तीस वर्षांतील सूची क्रमांक दोनचा शोध घेतो, सातबारा, फेरफार आणि मूळ खरेदीखते तपासतो, हरकती मागवण्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि मग कागदांवरून मालकीविषयी मत देतो. जे नोंदलेले आहे तेच त्याला दिसते.

समजा, एका गृहस्थांचे 2004 साली मृत्युपत्राविना निधन झाले. त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीला दोन मुलांच्या नावे वारस फेरफार झाला. सख्खी बहीण हयात असूनही भावांनी प्रतिज्ञापत्रात तिचे नाव घेतले नाही आणि 2021 साली जमीन विकली. वकिलाने वारसांची चौकशी केली, पण प्रतिज्ञापत्र खोटे असल्याचे दाखवणारा एकही कागद त्याच्यासमोर नव्हता. 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, आई आधीच वारली असल्यास, त्या बहिणीचा हिस्सा एक तृतीयांश आहे. फेरफार महसुलासाठी असतो. त्याने मालकी मिळत नाही की जात नाही, आणि जाहीर नोटिशीला उत्तर दिले नाही एवढ्यावरून तिचा हक्क बुडत नाही.

तिने दावा लावला, तर खरेदीदाराने वकिलाकडे काय मागायचे? वकिलाने हलगर्जीपणा केला असेल तरच त्याच्यावर भरपाईचा दावा टिकेल, आणि इथे तो झालेलाच नाही. शिवाय वकिलाच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिला आहे. राहतात ते विकणारे भाऊ, आणि त्यांनी पैसे खर्चून टाकले असतील तर हुकूमनामा कागदावरच राहतो.

टायटल विम्याचा फरक इथे दिसतो. कोणाची चूक होती हे न पाहता, पॉलिसीपूर्वी निर्माण झालेला पण तेव्हा अज्ञात असलेला दोष पुढे आला, तर कंपनी दावा लढवण्याचा खर्च आणि विमा रकमेच्या मर्यादेत नुकसान सोसते. मात्र खरेदीदाराला आधीच ठाऊक असलेला दोष किंवा पॉलिसीनंतर निर्माण झालेला बोजा त्यात सहसा येत नाही. कंपनी आधी वकिलाचाच अहवाल मागते आणि त्यात शंका म्हणून नोंदलेली बाब बहुतेकदा वगळते. त्यामुळे वगळलेल्या बाबींची यादी मी तरी सर्वांत आधी वाचेन.

रेरा कायद्याच्या कलम 16 मध्ये प्रकल्पाच्या जमिनीच्या मालकीचा विमा प्रवर्तकाने काढावा अशी तरतूद आहे, पण तो राज्य सरकार अधिसूचित करील त्याप्रमाणे. म्हणून ‘प्रकल्पाला टायटल विमा आहे’ असे सांगितले गेले, तर पॉलिसीची प्रत मागून विमाधारक म्हणून नाव कोणाचे आहे आणि सदनिका हस्तांतरित झाल्यावर लाभ कोणाकडे जातो, हे खरेदीदाराने विसार देण्यापूर्वी पाहून घ्यावे.

आपला,
एक वाचक