वाघोडिया रोडचा प्लॉट आणि बाबांचा फंड

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "प्लॉटवर कर कमी लागतो म्हणतात, मग फंडाऐवजी तोच विकू." कर कमी लागतो हे खरंच आहे. पण तेवढ्यावरून ठरवू नका म्हणून सगळा हिशेब मांडून पाठवते आहे. आई, तूही वाच, यात तुझ्या भिंतीचा विषय आहे.

2012-13 मध्ये तुम्ही वाघोडिया रोडचा प्लॉट घेतलात, मुद्रांक आणि नोंदणी धरून 10 लाखांना. त्याच वर्षी 10 लाख डेट फंडात टाकलेत. आज प्लॉटला 24 लाखांचं गिऱ्हाईक आहे आणि फंडाचं स्टेटमेंटही 24 लाखांच्याच आसपास दाखवतं. म्हणजे वरवर बरोबरी.

आता कर. सरकार दरवर्षी महागाईचा एक निर्देशांक जाहीर करतं. 2012-13 चा 200 होता, यंदाचा, म्हणजे 2025-26 चा, 376 आहे. तेव्हाचे 10 लाख 376 ने गुणून 200 ने भागले की 18 लाख 80 हजार येतात. करासाठी प्लॉटची खरेदी तेवढ्याची धरता येते. मग नफा 14 लाखांऐवजी 5 लाख 20 हजारच उरतो आणि त्यावर 20 टक्के कर. दुसरा मार्ग म्हणजे निर्देशांक न लावता पूर्ण 14 लाखांवर साडेबारा टक्के. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या जमीन-घराला, मालक इथला रहिवासी असेल तर, या दोन्हींत जो कर कमी तोच लागतो. चार टक्के सेस धरून पहिल्या मार्गाने 1 लाख 8 हजार होतात, दुसऱ्याने 1 लाख 82 हजार. भाव साडेतीनपट झाला असता तर साडेबारा टक्केच स्वस्त पडले असते, पण आपला अडीचपटही झालेला नाही, म्हणून निर्देशांक फायद्याचा.

फंडाला ही निवडच नाही. 22 जुलै 2024 पर्यंत त्यालाही निर्देशांक लावता येत होता, आता सरळ साडेबारा टक्के. म्हणजे 1 लाख 82 हजार कर आणि हातात 22 लाख 18 हजार.

इथपर्यंत प्लॉट 74 हजारांनी पुढे. पण 2016-17 मध्ये गुरं शिरतात म्हणून आईच्या आग्रहाने कुंपणाची भिंत बांधली, त्याचे 80 हजार कुठे धरलेत? (भिंत हवीच होती, वाद नाही.) त्या वर्षीचा निर्देशांक 264, म्हणून आज ते 80 हजार 1 लाख 14 हजार धरले जातील आणि तेवढा नफा कमी होईल. त्यातून वाचणारा कर मात्र 24 हजारांच्या आतच. शिवाय दलाल एक टक्का घेणार, म्हणजे 24 हजार. तेही नफ्यातून वजा होतात. सगळं धरून कर सुमारे 79 हजार आणि हातात 22 लाख 97 हजार.

फंडापेक्षा 79 हजार जास्त. म्हणजे भिंतीला घातलेले पैसे तेवढे परत आले, नऊ वर्षांच्या व्याजाशिवाय. दरवर्षीचा मालमत्तेचा वेरा तर यात धरलेलाच नाही, तो नफ्यातून वजाही होत नाही. करात प्लॉट जिंकतो, कमाईत नाही. आणि फंडाचा परतावाही कर जाऊन वर्षाला सव्वासहा टक्क्यांच्या थोडा वर आहे. निर्देशांक याच काळात वर्षाला पाच टक्क्यांनी वाढला, म्हणजे खरी वाढ सव्वा टक्काच.

तरीही माझं मत प्लॉट विकावा असंच आहे, फक्त कारण वेगळं. फंडातून लागतील तसे दोन-तीन लाख काढता येतात आणि कर तेवढ्यातल्याच नफ्यावर लागतो. प्लॉटचा तुकडा पाडून सहज विकता येत नाही, आणि त्यासाठी या वयात बाबांनी मामलतदार कचेरीच्या खेपा घालाव्यात हे मला पटत नाही.

एक सांभाळा. गिऱ्हाईक "थोडे रोख घ्या, दस्त कमीचा करू" म्हणालं तर साफ नाही म्हणा. ते गैर आहेच, शिवाय जंत्रीचा, म्हणजे सरकारी दराचा आकडा दस्तातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाला, तर तुमची विक्री जंत्रीच्या भावानेच धरून कर लावतात.

भिंतीची बिलं बाबांच्या नावाची हवीत. गवंड्याची कच्ची पावती आणि सिमेंट-विटांची बिलं लोखंडी कपाटातल्या निळ्या फाइलीत असावीत. आई, तेवढी शोध आणि मोबाइलवर फोटो पाठव. ती नसली तर भिंत धरता येणार नाही आणि कर 24 हजारांनी वाढेल.

तुमची,
मनू