बाबांचा तक्ता आणि नातीचं कॉलेज

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही वहीच्या पानावर आखलेल्या तक्त्याचा फोटो मिळाला. दादाच्या लेकीसाठी तुम्ही पुण्याचं आणि सोलापूरचं कॉलेज शेजारी-शेजारी मांडून प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण दिलेत. बेरजेत सोलापूर पुढे आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं काम मी दरवर्षी जवळून बघते, म्हणून सांगते, या रकान्यांची बेरीज करू नका. कटऑफ आणि हॉस्टेल आधी तपासायचं, कारण तिथे अडलं तर बाकीचे गुण कामाचे नाहीत.

तुम्ही पुण्यासमोर 93.2 लिहिलंय आणि पोरीला सीईटीत 91.8 पर्सेंटाइल आहेत, म्हणून ते जवळजवळ खोडलंय. पण तो आकडा GOPENS या रकान्यातला, म्हणजे खुल्या गटाचा, आणि तोही पहिल्या फेरीचा. ती ओबीसीतून फॉर्म भरणार, तेव्हा तिने मुलींचा ओबीसी रकाना बघायचा. तो L ने सुरू होतो. गेल्या वर्षी तिसऱ्या फेरीत तिथे 90.6 ला प्रवेश मिळालाय. यंदा तसंच होईल असं नाही, कारण परीक्षेला चार लाख मुलं असली तर एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुलं. म्हणून पर्सेंटाइलसोबत मेरिट नंबरही ताडून बघा. पण पुणे आजच खोडू नका.

आता फी. तुम्ही पुण्याची 1,60,000 आणि सोलापूरची 95,000 लिहिलीत. चार वर्षांत फरक 2,60,000 चा, म्हणून बाबा धास्तावले असणार. पण 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या ज्या मुलींच्या घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एकच मोठी: प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतूनच हवा, संस्थेच्या कोट्यातून नको. मग उरते डेव्हलपमेंट फी, पुण्यात 20,000 आणि सोलापुरात 12,000. त्यात हॉस्टेल-मेस मिळवा, पुण्यात 1,10,000 आणि सोलापुरात 65,000. चार वर्षांचा खर्च पुण्यात 5,20,000, सोलापुरात 3,08,000. फरक अजून दोन लाखांहून जास्त आहे, पण तो आता जवळजवळ सगळा राहण्या-जेवणाचा आहे.

म्हणूनच हॉस्टेलच्या रकान्यात नुसतं 'आहे' लिहून भागत नाही. कॅपमध्ये सीट लागली म्हणजे हॉस्टेल मिळालं असं होत नाही. त्याचा अर्ज वेगळा असतो आणि खोल्या बहुतेक ठिकाणी मेरिटवर देतात. वॉर्डनला फोन करून विचारा, पहिल्या वर्षाच्या किती मुलींना खोली मिळते आणि दुसऱ्या वर्षी ती राहते का. बाहेर पीजीत राहावं लागलं तर वरचा हिशोब बदलेल. आई, तुला वाटतंय तिने बार्शीहून सोलापूरला रोज जाऊन-येऊन करावं. सत्तर किलोमीटर आहे गं. संध्याकाळी पाचपर्यंत प्रॅक्टिकल, मग स्टँड, मग एसटी. घरी पोचून अभ्यासाला बसणारी पोर मला डोळ्यासमोर दिसते आणि मन तयार होत नाही.

प्लेसमेंटचा रकाना मला सगळ्यात कच्चा वाटतो. सोलापूरच्या पत्रकात कॉम्प्युटरसाठी 92 टक्के छापलंय. मी विचारल्यावर कळलं, वर्गात 60 मुलं, प्लेसमेंटला नाव नोंदवलं 38 जणांनी, नोकरी लागली 35 जणांना. 38 पैकी 35 म्हणजे 92, पण 60 पैकी 35 म्हणजे 58. पुण्यात 120 पैकी 78, म्हणजे 65. उरलेल्यांतले काही पुढे शिकायला जातात, त्यामुळे 58 ला नापास म्हणू नका, पण दोन्ही कॉलेजांना भाजक एकच धरा. पगाराचं तसंच. सगळ्यात मोठं पॅकेज एका मुलाचं असतं. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी कॉलेज जी माहिती देतं ती त्याच्या वेबसाइटवर असते, त्यातला मध्यक पगार लिहा. तो शाखेचा नसून सगळ्या कॉलेजचा असतो, एवढं ध्यानात ठेवा.

माझं मत पुण्याच्या बाजूने आहे, हॉस्टेल मिळणार असेल तरच. आणि फॉर्ममध्ये क्रम हव्या त्या पसंतीचाच लावायचा. 2025 पासून पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की तीच पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना तोच नियम. 'मिळेलच' म्हणून सोलापूर पहिलं लिहिलं, तर ते मिळेल आणि पुण्याचा विषय तिथेच संपेल. पुणे वर ठेवलं म्हणून सोलापूरची संधी मात्र कमी होत नाही.

बाबा, दादाचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांच्या तारखा आजच बघा. मुदत संपली असेल तर उद्या सकाळी सेतू केंद्रात जा, तिथे रांग मोठी असते. वॉर्डनला मीच फोन करते.

तुमची लेक