तुझ्या भाषणाबद्दल

चिऊ,

असाइनमेंटमध्ये एआय वापरलं तर तसं सांगा, हे मुलांना पटवायचं भाषण काल फोनवर तू वाचून दाखवलंस तेव्हा घाईत मी नुसतं छान म्हटलं, पण रात्रभर ते डोक्यात होतं म्हणून आता नीट लिहिते. त्यात तीन वेळा "नाहीतर पकडले जाल" आलंय. ते काढून टाक बाळा. एक तर भीती घातली की मुलं अजून लपवतात, आणि दुसरं म्हणजे ते खरंच नाहीये. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये एआयचं लिखाण ओळखणारं स्वतःचं टूल काढलं होतं, त्यांच्याच चाचणीत एआयने लिहिलेल्या मजकुरातला फक्त २६ टक्के त्याला ओळखता आला आणि माणसांनी लिहिलेल्यातला ९ टक्के त्याने एआयचा ठरवला. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. म्हणजे शंभर मुलांनी स्वतः घासून लिहिलं तर त्यातल्या नऊ जणांवर उगाच आळ. नंतर बाकीची टूल्स आली, पण अशा टूलच्या आकड्यावर कुणाला चोर ठरवणं मला आजही पटत नाही, आणि तू मुलांची प्रतिनिधी आहेस, तू तर ती धमकी मुळीच देऊ नकोस.

मग सांगायचं कशासाठी? तर वाचणाऱ्याला कळावं की तपासायचं कुठे.

मागे आमच्याकडे एका नवीन मुलाने रिपोर्ट दिला होता, सत्तावीस संदर्भ, भाषा एकदम स्वच्छ. मला त्यातला एक लेख पूर्ण वाचायचा होता म्हणून शोधायला गेले तर सापडेचना. लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, खंड क्रमांकसुद्धा खरा, पण दिलेल्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा दुसऱ्याच विषयावरचा लेख. चॅटजीपीटीसारखी टूल्स संदर्भ बनवतात ना, ते असेच असतात, सगळे तुकडे ओळखीचे आणि जोडलेली वस्तू अस्तित्वातच नाही. त्याला विचारलं तर आधी नाही म्हणाला, मग संध्याकाळी येऊन सांगितलं की शेवटच्या भागातले सहा संदर्भ टूलकडून घेतले होते. तोपर्यंत आम्ही दोघी जणी दिवसभर सत्तावीसच्या सत्तावीस तपासत बसलो होतो. खोटे तीनच निघाले, तेही त्याच सहांमधले. त्याने सुरुवातीलाच एक ओळ लिहिली असती तर तासाभराचं काम होतं, आणि त्यानंतर त्याच्या बाकीच्या चांगल्या कामाकडेही सगळे संशयाने बघायला लागले ते मला फार लागलं, कारण ते खरंच त्याने केलं होतं.

म्हणून भाषणात "प्रामाणिक राहा" एवढंच म्हणू नकोस, ती ओळ लिहायची कशी ते दाखव. बरीच मुलं शेवटी "एआयची मदत घेतली" असं लिहून मोकळी होतात, त्यातून काहीच कळत नाही, स्पेलिंग तपासलं की अख्खा निबंध लिहून घेतला? फळ्यावर हे लिही:

"चॅटजीपीटी, १२ ऑगस्ट. मुद्द्यांचा क्रम सुचवायला आणि तिसऱ्या भागातली भाषा सुधारायला वापरलं. सुचवलेल्या पाच मुद्द्यांपैकी दोन घेतले. युक्तिवाद आणि आकडे माझे, सगळे संदर्भ मी स्वतः उघडून वाचले."

कोणतं टूल, कधी, कशासाठी, कुठल्या भागात आणि तपासलं काय, बास. आणि ही ओळ काम चालू असतानाच लिहायची, सबमिट करायच्या रात्री कुणाला काही आठवत नाही. चॅट आणि जुने मसुदे ठेवून द्यायला सांग, डॉक्युमेंटची व्हर्जन हिस्ट्री असते तीही पुसू नका म्हणावं, उद्या कुणावर खोटा आळ आला तर तेच कामाला येतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोल. ज्या असाइनमेंटला एआय चालणारच नाही असं सांगितलंय तिथे वापरून वर कबूल केलं म्हणजे माफ होतं असं नाही.

मुलं विचारतीलच की खरं लिहिलं तर मार्क कापणार का. याचं उत्तर तुझ्याकडे नसताना बोलायला उभी राहू नकोस. आधी सरांना भेट आणि प्रत्येक असाइनमेंटवर काय चालेल, काय नाही, आणि जिथे चालेल तिथे नुसतं सांगितलं म्हणून मार्क जाणार नाहीत, हे त्यांच्याकडून लेखी घे. ते मिळालं नाही तर भाषण आठवडाभर पुढे ढकल, माझं ऐक.

आणि तू काल म्हणालीस ना की भाषणाचे मुद्दे काढायला तूही टूल वापरलंस, मग सुरुवात तिथूनच कर, कुठले मुद्दे त्याचे आणि कुठले तुझे ते सांगून. नवीन मसुदा झाला की रात्री फोन कर, मी जागी आहे.

तुझी,
आई