सूचना: शनिवारच्या फ्रेंच वर्गासाठी

सर्व सदस्यांना नमस्कार. शनिवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्याच खोलीत, बाई पूर्ण तास फ्रेंचमधूनच बोलतील. पुढील वाक्ये मोठ्याने म्हणून पाठ करून या.

• वू पूव्हे रेपेते, सिल वू प्ले? – पुन्हा सांगाल का?
• प्ल्यू लाँतमाँ, सिल वू प्ले – जरा सावकाश. इथे ‘प्ल्यू’च्या शेवटचा स उच्चारायचा नाही.
• झ ने पा काँप्री – मला समजलं नाही.
• केस्क सा व्ह दीर? – याचा अर्थ काय?

ऐकू आलं नाही तर नुसतं ‘क्वा?’ म्हणू नका, शिक्षकांशी ते उद्धट वाटतं, ‘पार्दों?’ म्हणा. बाईंना ‘त्यू’ नको, ‘वू’च. नेमका कोणता शब्द अडला तेही सांगा, म्हणजे त्यांना सगळं वाक्य पुन्हा समजवावं लागणार नाही.