वरच्या पाच ओळींबद्दल आभार

प्रिय मॅडम,

तू आमच्या कारखान्यात एचआरला ट्रेनी म्हणून आलीस तेव्हा मी गमतीने तुला मॅडम म्हणायचो आणि तू संकोचायचीस. नाव छापू नका असं बजावलं आहेस, म्हणून आज तेच संबोधन चालवून घे. पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण डिप्लोमाच्या बॅचमधल्या तिघांनी महिन्याभरात फोन करून विचारलं, ‘रेझ्युमेत नेमकं केलंस काय?’ फोनवर सांगताना दरवेळी काहीतरी राहून जातं.

आमचा प्लांट परराज्यात हलला तेव्हा मी ५३ वर्षांचा होतो. मुलीचं शेवटचं वर्ष, आईचं दुखणं, त्यामुळे पुणं सोडणं शक्य नव्हतं. चार महिन्यांत साठेक अर्ज केले आणि फोन आले दोन. दोघांनीही आधी जन्मतारीख विचारली. तेव्हा रेझ्युमेच्या वरचा माझा सारांश सुरू व्हायचा ‘रिझल्ट ओरिएंटेड, हार्डवर्किंग प्रोफेशनल विथ ओव्हर थर्टी टू इयर्स ऑफ रिच एक्स्पीरियन्स’ असा. तू तो वाचून म्हणालीस, “सर, पहिल्या ओळीत मला फक्त तुमचं वय कळलं. काम काय करता ते अजून कळायचंय.”

मग लाल पेन माझ्याच हातात दिलंस आणि वय सांगणाऱ्या प्रत्येक जागेवर खूण करायला लावलीस. जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती हे बायोडेटाच्या जमान्यातलं सगळं आधी गेलं. ईमेल आयडीच्या शेवटी ७१ होतं, तो बदलला. संगणक ज्ञानात एमएस-सीआयटी आणि लोटस १-२-३ होतं. सगळ्यात लाज वाटली ती क्यूएस ९००० या वाहन उद्योगातल्या क्वालिटी मानकाची. ते मी अभिमानाने पहिल्या परिच्छेदात ठेवलं होतं. तू साधेपणाने विचारलंस, “हे अजून चालतं का?” क्वालिटीत जन्म गेलेल्या मलाच कबूल करावं लागलं की ते २००६ मध्येच बंद झालं, त्याच्या जागी टीएस १६९४९ आलं आणि २०१६ पासून आयएटीएफ १६९४९ आहे. “मग बंद पडलेलं वर कशाला?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खोडणं सोपं होतं. त्यानंतरची चूक माझी. घरी जाऊन मी उत्साहाने इतकं कापलं की सारांश पस्तिशीच्या माणसाचा वाटू लागला. त्यावर एका ठिकाणी बोलावणं आलं. दारातून आत शिरताच समोरच्याचा चेहरा पडला आणि मुलाखत बारा मिनिटांत आटोपली. तुला सांगितलं तर तू जवळजवळ ओरडलीसच. रेझ्युमे वाचून मनात उभा राहतो तो माणूस आणि खोलीत येतो तो माणूस एकच वाटला पाहिजे, नाहीतर उमेदवाराने फसवलं असं वाटतं. शिवाय नोकरीच्या पोर्टलवर एकूण अनुभवाचा रकाना खराच भरायचा. नंतर पार्श्वभूमी तपासणीत नोकऱ्यांच्या तारखा आणि पदविकेचं वर्ष निघतंच. सारांशात काय आधी सांगायचं तेवढंच आपल्या हातात असतं.

ते आधी काय, यासाठी तू मला उलटा प्रश्न घातलास: पन्नाशीचा माणूस समोर आला की घेणाऱ्याला कसली धास्ती असते? तूच सांगितलंस. हा महाग पडेल, तरुण बॉसच्या हाताखाली कुरकुरेल, केबिनमधून हलणार नाही, नवं शिकणार नाही. ‘डायनॅमिक’, ‘यंग ॲट हार्ट’ असलं लिहून ती धास्ती जात नाही, उलट वाढते (हे दोन्ही शब्द माझ्याकडे होते, कबूल करतो). त्याऐवजी प्रत्येक धास्तीला उत्तर देणारी एकेक घडलेली गोष्ट लिहायची.

आता बॅचमेट्ससाठी आपल्या पाच ओळी मराठीत देतो.

पहिली ओळ: ‘ॲल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंगमधला क्वालिटी हेड; पंप आणि गिअरबॉक्स हाउसिंग, दुचाकी व चारचाकी ग्राहक.’ यात वर्षांचा आकडा नाही. ज्याला असा माणूस हवाय त्याला इथेच कळतं.

दुसरी: ‘गेल्या बारा वर्षांत दोन प्लांटची क्वालिटी सांभाळली, शेवटची टीम २२ जणांची.’ बारा वर्षं खरी आहेत, कारण हेड म्हणून तेवढीच आहेत. त्याआधीची वीस वर्षं इन्स्पेक्टर ते इंजिनिअर अशी गेली. ती दुसऱ्या पानाच्या तळाशी ‘आधीचा अनुभव’ म्हणून तीन ओळींत बसली. एकही नोकरी गाळली नाही.

तिसऱ्या ओळीवर आपण पूर्ण रविवार घालवला. मी लिहिलं होतं, ‘रिजेक्शन कमी केलं.’ तू विचारत गेलीस: कशाचं, किती, कशाने? पंप हाउसिंग लीक टेस्टला फेल होत होतं. ग्राहकाकडचं रिजेक्शन १८०० पीपीएम होतं, म्हणजे दहा लाखांत अठराशे नग. सगळे मशीनच्या शॉट स्पीडशी, म्हणजे वितळलेला धातू साच्यात मारायच्या वेगाशी, खेळत होते. मला नव्वदच्या दशकातल्या एका जुन्या डायची, म्हणजे साच्याची, आठवण झाली. तिथे हवा बाहेर जायच्या वाटा, म्हणजे व्हेंट, लुब्रिकंटच्या थराने बुजायच्या, आत अडकलेला गॅस धातूत राहायचा आणि कास्टिंग आतून पोकळ निघायचं. इथेही तेच निघालं. प्रत्येक शिफ्टला व्हेंट साफ करायचा नियम केला, डायचं तापमान नोंदवायला लावलं आणि चौदा महिन्यांत आकडा २४० वर आला. सारांशात उतरलं ते एवढंच: ‘डाय व्हेंटिंगमधलं मूळ कारण शोधून लीक रिजेक्शन १८०० वरून २४० पीपीएम.’ माझी तीस वर्षं खरं तर या एका ओळीत आहेत. वयाचा उल्लेख मात्र कुठेच नाही.

चौथी: ‘२०१९ च्या नव्या एफएमईए पद्धतीनुसार टीमला स्वतः प्रशिक्षण, मिनीटॅबवर विश्लेषण स्वतः.’ एफएमईए म्हणजे बिघाडाच्या शक्यता आधीच तपासणं, मिनीटॅब हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर. नवं शिकणार नाही, याला हे उत्तर. पाचवी: ‘प्लांट हेडला रिपोर्टिंग, रोज शॉप फ्लोअरवर.’ तो प्लांट हेड ३८ वर्षांचा होता हे लिहायची गरज नव्हती. मुलाखतीत ते आपोआप निघालं.

जाहिरातीत ‘आठ ते बारा वर्षं’ लिहिलेलं असतं तिथे पोर्टलची चाळणी आपल्याला आधीच बाजूला काढते, हेही तू स्पष्ट सांगितलंस. तिथे वेळ घालवू नका, मालक स्वतः रेझ्युमे वाचतो अशा मध्यम सप्लायरांकडे थेट जा, असं म्हणालीस. सात ठिकाणी गेलो आणि चार ठिकाणी बोलावणं आलं. चाकणच्या मालकाने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “व्हेंटच आहे हे कळलं कसं?” पाऊण तास आम्ही डायबद्दलच बोललो. शेवटी त्याने विचारलं, “रिटायरमेंटला किती वर्षं राहिली?” मी म्हटलं, “तुमची नवी लाइन सुरू होऊन तिचा क्वालिटीवाला तयार होईपर्यंत तरी आहे.” हे उत्तर तुझ्याकडून पाठ करून घेतलेलं. पगार आधीपेक्षा थोडा कमी आहे. चालतंय.

एक राहिलं. त्या तिघांतल्या एकाने सारांश पाठवलाय. पहिल्या ओळीत चौतीस वर्षं आणि वरच्या कोपऱ्यात फॅक्स नंबर. शनिवारी त्याला घेऊन येऊ का? लाल पेन मी आणतो.

तुझा,
क्वालिटीवाले सर