एकाच व्यवहाराची दोन उत्तरे

मा. संपादक,

परवा निपाणीत खताचे २,४०० रुपये यूपीआयने दिले. माझ्या खात्यातून रक्कम गेली. माझ्या ॲपवर 'प्रोसेसिंग', तर दुकानदाराच्या ॲपवर 'बँकेकडून उत्तर प्रलंबित'. "पैसे आलेच नाहीत, तुम्ही पुन्हा पाठवा," असा त्यांचा आग्रह. मी पाठवले नाहीत, कारण त्यांच्या बँकेची यंत्रणाच बंद होती.

यूपीआयमध्ये आधी देणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा होते, मग घेणाऱ्याच्या बँकेला जमा करण्याचा निरोप जातो. ती बँक उत्तर देत नसेल, तर प्रत्येक ॲप आपल्यापर्यंत पोहोचलेलेच दाखवते. शब्दही ज्याचे त्याचे. त्यामुळे दोन्ही पडद्यांवरचा बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, जुळवावा. तो एकच असेल तर व्यवहारही एकच. पैसे पोहोचले की नाही, हे मात्र दुकानदाराच्या खात्याच्या नोंदीवरूनच कळते. दुसऱ्यांदा पाठवले आणि नंतर पहिलेही जमा झाले, तर परत मागण्याची कटकट वेगळीच.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, खात्यातून खात्यात पाठवलेली रक्कम जमा करता आली नाही, तर घेणाऱ्याच्या बँकेने ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करायची असते. त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. शाखेत हे कुणी आपणहून सांगत नाही!

यंत्रणा बंद असल्याची सूचना बँकेने शाखेच्या दारावर कन्नडबरोबर मराठीतही लावावी, आणि ॲपवाल्यांनी 'प्रलंबित'खाली कोणत्या बँकेचे उत्तर यायचे आहे ते लिहावे.

— एक शेतकरी वाचक, निपाणी