पैसे भरून उतरवलेली गाणी पेनड्राइव्हवर का जात नाहीत? वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय मंत्री, वाणिज्य व उद्योग,
नवी दिल्ली

महोदय, सविनय नमस्कार.

गाण्यांची तक्रार वाणिज्य खात्याकडे का, असं आपल्याला वाटेल. पण 2016 पासून कॉपीराइटचा कायदा आपल्याच खात्याकडे आहे. त्याआधी तो शिक्षण सांभाळणाऱ्या खात्याकडे होता. गाणं शिक्षणातून व्यापारात गेलं, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवं होतं.

माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिला नीट दिसत नाही आणि टचस्क्रीनवर बोट ठरत नाही. तिच्या उशाशी मोठ्या बटणांचा एक रेडिओ आहे, त्याला पेनड्राइव्ह लागतो. एक बटण दाबलं की गाणं सुरू, दुसरं दाबलं की पुढचं. तिला नाट्यगीतं आणि जुनी भावगीतं हवी होती, म्हणून मी एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली. भरण्याआधी ग्राहक सेवेच्या मुलीला स्पष्ट विचारलं होतं, की ही गाणी पेनड्राइव्हवर घेता येतील ना? ती म्हणाली, ‘हो सर, डाउनलोड करून कुठेही ऐका.’ मी रात्री जागून शेकडो गाणी उतरवली, आईच्या आवडीचा क्रम लावला आणि फोन कॉम्प्युटरला जोडला.

एकही गाणं वाजलं नाही. रेडिओला तर त्या फाइली दिसल्यासुद्धा नाहीत.

पुन्हा फोन केल्यावर तीच कंपनी म्हणते, ब्लूटूथ स्पीकर लावा. म्हणजे माझा फोन दिवसभर आईच्या उशाशी. मी भाजी आणायला गेलो की गाणं माझ्याबरोबर मंडईत, आणि मध्येच कुणाचा फोन आला की आलाप तिथेच बंद. एका सरकारी पोर्टलवर तक्रार केली. ‘कंपनीच्या अटींनुसार कार्यवाही योग्य’ असा शेरा मारून ती गेल्या आठवड्यात निकाली निघाली. कुणी निकाली काढली, काय वाचून काढली, देव जाणे.

शेवटी माझ्या भाच्याने मला समजावलं, तेच आपल्या सचिवांसाठी लिहितो. पाच मिनिटांचं गाणं चांगल्या दर्जात, म्हणजे 320 केबीपीएसला, साधारण 12 एमबी होतं. फोनच्या `Android/data` फोल्डरमध्ये जवळपास तेवढ्याच मापाच्या, विचित्र नावांच्या फाइली सापडल्या. म्हणजे गाणं माझ्या फोनमध्ये आलेलं आहे, जागा माझी खात आहे. नाव बदलून शेवटी `.mp3` लावून पाहिलं, तरी वाजेना. भाच्याने फाइल उघडून तिची सुरुवातीची अक्षरं दाखवली. ऑग प्रकारची साधी फाइल असती तर तिथे `OggS` दिसलं असतं, एमपीथ्री असती तर बहुधा `ID3`. इथे नुसता चिवडा. बिघडलेली फाइल आणि कुलूपबंद फाइल यांतला फरक असा कळतो: कुलूपबंद फाइल ॲपमध्ये सुरेख वाजते, बाहेर कुठेही नाही.

कारण गाणं येतं तेच सांकेतिक करून. ते उलगडायची किल्ली वेगळी येते, परवान्याबरोबर, आणि ती माझ्या खात्याला व याच फोनला बांधलेली असते. फोनमधल्या राखीव कप्प्यात ती जपून ठेवतात. वाजवताना ॲप गाण्याचा थोडा थोडा तुकडा मेमरीत उलगडतं, ऐकवतं आणि टाकून देतं. उलगडलेली पूर्ण फाइल कुठेच तयार होत नाही, मग पेनड्राइव्हवर जाणार काय? शिवाय परवान्याला मुदत असते. स्पॉटिफायचा जाहीर नियमच आहे, की 30 दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडा, नाहीतर उतरवलेली गाणी बंद. वर्गणी संपली की फाइल तिथेच पडून, पण मुकी.

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. एक महिन्याचे पैसे भरून कुणी हजारो गाणी उतरवून पसार झाला, तर रेकॉर्ड कंपन्या गाणी देणारच नाहीत. गाणं किती वेळा वाजलं यावर पैशाची वाटणी होते, आणि पेनड्राइव्हवरचं वाजणं मोजता येत नाही. ठीक. मग विकत द्या! ॲपलने आयट्यून्सवर विकत मिळणाऱ्या गाण्यांवरचं कुलूप 2009 मध्येच काढलं, तरी गाण्यांचा धंदा बुडाला नाही. भाड्याच्या गाण्यांवर मात्र त्यांचंही कुलूप आहेच. आईची बरीच नाट्यगीतं मला भाड्यानेच मिळाली, बिनकुलपाची विकत कुठे सापडली नाहीत.

आणि हे कुलूप अडवतं कुणाला? आमच्या जेल रोडवर मोबाइलच्या एका दुकानात विचारायला गेलो. पोरगा हसला, ‘अंकल, इसमें तो ताला है,’ म्हणाला आणि ड्रॉवरमधून गाण्यांनी भरलेला पेनड्राइव्ह काढून समोर ठेवला. किंमत दोन-तीनशे, माझ्या वर्गणीच्या पाव हिश्शाचीही नसेल. तो आईच्या रेडिओवर पहिल्या फटक्यात वाजला असता. चोरीचा माल कुठेही वाजतो, पावतीचा माल वाजत नाही. लताबाई जन्मल्या त्या इंदुरात, जिथे राज्य सरकार त्यांच्या नावाने सन्मान देतं, तिथे प्रामाणिक श्रोत्याची ही किंमत!

आता आपल्या कायद्याकडे येतो. कलम 52(1)(क) खासगी, वैयक्तिक कारणासाठी रास्त वापराची मुभा देतं. 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65अ म्हणतं, की हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे हेतू वाईट नसेल तर मी गुन्हेगार नाही. पण कुलूप लावणाऱ्याने किल्ली द्यावी, असं त्यात कुठेही नाही. कायदा मुभा देतो, ॲपच्या अटी ती काढून घेतात, आणि त्या अटींवर मी ‘मान्य’ दाबलेलं असतं. न दाबून सांगतो कुणाला?

हे एका ॲपपुरतं असतं तर गप्प बसलो असतो. डिशच्या सेट टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केलेला कार्यक्रम त्याच बॉक्सवर दिसतो, बॉक्स बदलला की गेला. ई-पुस्तक शेजाऱ्याला वाचायला देता येत नाही. वडिलांच्या कॅसेटी अजून माळ्यावर आहेत आणि त्या माझ्या आहेत, त्यासाठी कुणाच्या सर्व्हरला विचारावं लागत नाही. पैसे आम्ही द्यायचे, मालकी त्यांची, आणि सरकार कोपऱ्यात उभं राहून ‘डिजिटल इंडिया’च्या टाळ्या वाजवणार. निवडणुकीत आमच्या गल्लीत वाजणारी आपल्या पक्षांची गाणी बरी पेनड्राइव्हवर चालतात! त्यांना कुलूप लावायचं कुणाला सुचलं नाही.

मागणं फार नाही. पैसे घेण्याआधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावा, की ही गाणी फक्त या ॲपमध्ये वाजतील, पेनड्राइव्हवर जाणार नाहीत, वर्गणी संपली की बंद होतील. आणि जी जुनी गाणी भाड्याने मिळतात, ती वाजवी दरात बिनकुलपाची विकतही मिळतील अशी काही तजवीज करा.

ते होईपर्यंत एक प्रश्न. 65अ मध्येच लिहिलं आहे, की गुन्हा नसलेल्या कारणासाठी कुलूप काढायला जो मदत करेल, त्याने मदत घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवावी. माझं नाव आणि पत्ता तयार आहे, कारण वर दिलंच आहे. अशी नोंदवही घेऊन बसलेला माणूस इंदूरमध्ये कोणत्या गल्लीत भेटतो, तेवढं कळवावं.

आपला,
वर्गणी भरलेला एक श्रोता,
इंदूर